तीस लाखांचं दुकान सोळा लाखांना का मागायचं?

छोट्या दुकानांचे हिशेब लिहिण्याचं काम मी करतो. त्यामुळे वर्षा-दोन वर्षांतून कुणीतरी येऊन विचारतंच, "चालू दुकान विकायला निघालंय, घेऊ का?" शेअर बाजारातला 'मार्जिन ऑफ सेफ्टी' हा शब्द मला नीट कळला तो अशा प्रश्नांची उत्तरं देताना. दुकानाच्या काउंटरवर ही कल्पना जितकी स्पष्ट दिसते तितकी शेअरच्या आकड्यांत दिसत नाही, म्हणून आधी दुकानाकडूनच जाऊ.

सुरुवातीला एक घोळ मिटवायला हवा. दुकानदार 'मार्जिन' म्हणतो तेव्हा त्याला खरेदी आणि विक्री यांतला फरक म्हणायचा असतो: वही चाळीसला आणली, पन्नासला विकली, दहा रुपये मार्जिन. मार्जिन ऑफ सेफ्टीचा याच्याशी काही संबंध नाही. एखाद्या धंद्याची किंमत तुमच्या हिशेबाने जी बसते आणि तुम्ही त्यासाठी प्रत्यक्षात जे पैसे मोजता, या दोहोंमध्ये मुद्दाम राखलेलं अंतर म्हणजे मार्जिन ऑफ सेफ्टी. तुमचा हिशेब चुकला तर ती चूक या अंतरात जिरावी, तुमच्या मुद्दलाला लागू नये, एवढ्यासाठी ते असतं.

आता समजा कराडसारख्या गावात एका शाळेजवळ वह्या-पुस्तकांचं आणि स्टेशनरीचं दुकान विकायला आहे. आकडे मी उदाहरणासाठी घेतोय, पण अशा दुकानांत साधारण असतात त्याच घडणीचे. मालक पासष्टीला आलेत, मुलगा पुण्याला स्थायिक झालाय, त्याच्याकडे जायचंय. जागा भाड्याची आहे. माल, रॅक, झेरॉक्स मशीन आणि घरमालकाकडचं डिपॉझिट धरून ते तीस लाख मागतात. "महिन्याला सहा लाखांची विक्री आहे. वर्षाला सात लाख सुटतात. चार वर्षांत पैसे वसूल."

ते खोटं बोलत नाहीत. वर्षाची विक्री बहात्तर लाख. त्यावर सरासरी अठरा टक्के सुटतात, म्हणजे जवळपास तेरा लाख. त्यातून भाडं एक लाख ऐंशी हजार, कामावरच्या दोन मुलांचे पगार मिळून दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार, लाइट, फोन आणि टेम्पो यांचे साठ हजार, खराब माल आणि बुडीत उधारीचे पन्नास हजार वजा केले की सात लाखांच्या थोडं वरच उरतं. हे सगळं आयकराच्या आधीचं. कराचा हिशेब प्रत्येकाचा वेगळा म्हणून तो इथे बाजूला ठेवतो.

पण हे सात लाख दुकानाचे नाहीत, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मालक सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत गल्ल्यावर बसतात. दुपारी ते जेवायला घरी गेले की त्यांच्या पत्नी पाच तास दुकान सांभाळतात. दोघांचाही पगार खर्चात कुठेच नाही. उद्या तुम्ही दुसरीकडे नोकरी करत हे दुकान चालवायचं ठरवलंत, तर विश्वासाचा माणूस वीस हजारांखाली मिळणार नाही आणि दुपारच्या मदतीला आणखी आठ हजार जातील. वर्षाचे तीन लाख छत्तीस हजार झाले. तुम्ही स्वतः बसलात तरी हिशेब बदलत नाही, कारण तेवढा पगार तुम्हाला दुसरीकडे मिळालाच असता. तो तुमच्या कष्टाचा मोबदला आहे, तुम्ही गुंतवलेल्या पैशाचा नव्हे. त्याशिवाय झेरॉक्स मशीन काही वर्षांनी बदलावं लागतं, रॅक बदलावे लागतात, बोर्ड नवा करावा लागतो. त्यासाठी वर्षाला बत्तीस हजार बाजूला ठेवले तर उरतात साडेतीन लाख. दुकानाची खरी कमाई ही. मालकांनी सांगितलेल्या आकड्याच्या निम्मी.

साडेतीन लाख कमावणारं दुकान किती रुपयांचं? हे ठरतं तुम्हाला आपल्या पैशावर किती परतावा हवा यावरून. बँकेत ठेव ठेवली तर काहीही न करता सात टक्क्यांच्या आसपास व्याज येतं. दुकानात जोखीम आहे, डोकेदुखी आहे आणि मनात आलं म्हणून ते उद्या मोडता येत नाही. म्हणून मी त्याच्या दुप्पट, चौदा टक्के मागतो. साडेतीन लाख हे ज्या रकमेचे चौदा टक्के होतात ती रक्कम पंचवीस लाख. माझ्या लेखी हे दुकान पंचवीस लाखांचं आहे.

ही पंचवीस लाखांची रक्कम मोजून काढलेली असली तरी तिच्याकडे फार विश्वासाने बघू नये. कमाई तीन लाख धरली आणि पंधरा टक्के मागितले तर तेच दुकान वीस लाखांचं होतं. कमाई चार लाख आणि परतावा तेरा टक्के धरला तर तिसांच्या वर जातं. दोन्ही हिशेब करणारी माणसं शहाणी असू शकतात. धंद्याची किंमत हा एक पट्टा असतो, आकडा नसतो. जो माणूस तुम्हाला पंचवीस लाख चाळीस हजार असं नेमकं मूल्य सांगतो, त्याने धंदा नीट बघितलेला नाही असं खुशाल समजा.

मग पंचवीस लाखांचं दुकान पंचवीस लाखांना घेण्यात काय वाईट? वाईट असं काही नाही, फक्त सगळं तुमच्या अंदाजाप्रमाणे घडायला लागेल. समजा दोन गल्ल्या सोडून आणखी एक स्टेशनरीचं दुकान उघडलं आणि तुमची विक्री दहा टक्क्यांनी घटली. ऐकायला दहा टक्के फार वाटत नाहीत. पण विक्रीवर सुटणारी रक्कम एक लाख तीस हजारांनी कमी होते आणि भाडं मात्र तेवढंच राहतं. पगारही तेवढेच, लाइट बिलही तेवढंच. सगळा फटका त्या साडेतीन लाखांवर बसतो आणि उरतात दोन लाख वीस हजार. विक्री दहा टक्क्यांनी घसरली, कमाई सदतीस टक्क्यांनी घसरली. ज्या धंद्यात विक्रीच्या मानाने खरी कमाई चिंचोळी असते, तिथे हे असंच होतं.

आता वेगवेगळ्या किमतींना हे दुकान घेणाऱ्या तीन माणसांकडे बघा. तीस लाख देणाऱ्याला सव्वासात टक्के मिळतात. तो बँकेतल्या ठेवीइतक्या पैशासाठी रोज दुकान उघडतो आहे. पंचवीस लाख देणाऱ्याला पावणेनऊ टक्के मिळतात. सोळा लाख देणाऱ्याला मात्र पावणेचौदा टक्के मिळतात, म्हणजे त्याने जे मागितलं होतं त्याच्या अगदी जवळ. त्याचा अंदाज एक तृतीयांशाहून जास्त चुकला आणि तरीही त्याचं नुकसान झालं नाही. आणि ते दुसरं दुकान उघडलंच नाही तर? तर साडेतीन लाख कमाई म्हणजे सोळा लाखांवर जवळपास बावीस टक्के. जास्त परतावा हवा तर जास्त जोखीम घ्या, असं आपण नेहमी ऐकतो. इथे कमी किमतीने जोखीमही कमी झाली आणि परतावाही वाढला. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

सोळा लाख हा आकडा अशा रीतीने आला. पंचवीसच्या खाली साधारण एक तृतीयांश, जरा जास्तच. तो मालकांच्या तीस लाखांवरून काढलेला नाही, हे ध्यानात ठेवा. मालकांनी चाळीस मागून तिसांवर सौदा सोडला असता, तर दहा लाख वाचले असं वाटून माणूस आनंदात घरी गेला असता, पण मार्जिन ऑफ सेफ्टी शून्य राहिली असती. शून्याच्याही खाली, कारण वस्तू पंचवीसची आहे. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, मालकांचा भाव ऐकण्याआधी आपला आकडा कागदावर लिहून ठेवा. एकदा 'तीस' कानावर पडलं की आपला हिशेब नकळत तिसांभोवती फिरायला लागतो.

ही कल्पना गुंतवणुकीत मांडणारा माणूस बेंजामिन ग्रॅहम. न्यूयॉर्कमध्ये काम करायचा, कोलंबिया विद्यापीठात शिकवायचा. १९२९ च्या पडझडीत आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याचेही बरेच पैसे गेले होते. त्याला ही कल्पना मिळाली ती रोख्यांच्या, म्हणजे कर्ज देण्याच्या व्यवहारातून. एखाद्या रेल्वे कंपनीला कर्ज द्यायचं तर तिची अनेक वर्षांची करपूर्व कमाई तिला भराव्या लागणाऱ्या व्याजाच्या पाचपटीहून जास्त असावी, अशी त्याची अट असायची. कमाई पाचपट होईल असा अंदाज त्यात नाही. उलट, ती खूप घसरली तरी व्याज निघेल एवढी जागा त्यात आहे. शेअर घेतानाही हीच शिस्त लावता येईल, फक्त व्याजाच्या जागी तुम्ही मोजलेली किंमत येईल, हे त्याने दाखवलं. त्याच्या सांगण्यात भविष्य ओळखण्याचा दावा कुठेच नाही. भविष्य नेमकं ओळखता येत नाही, म्हणूनच हे अंतर लागतं.

परत दुकानात जाऊ, कारण अंतर खरं आहे की भासतंय हे तिथेच कळतं.

पहिलं म्हणजे हंगाम. वह्या-पुस्तकांचं दुकान बघायला मालक तुम्हाला जूनमध्ये बोलावतील. शाळा सुरू होत असतात, काउंटरवर तीन-तीन रांगा लागलेल्या असतात. त्याच दुकानात दिवाळीनंतर एखाद्या मंगळवारी दुपारी जाऊन दोन तास बसा. आणि वर्ष एकच बघू नका. पाच-सात वर्षांचे आकडे मागा, त्यात २०२० आणि २०२१ ची वर्षंही असू द्या, जेव्हा शाळा बंद होत्या. "ते वर्ष सोडून द्या हो, ते काय नेहमीचं होतं का?" असं मालक म्हणतील. नेहमीचं नव्हतं हे बरोबर. पण प्रत्येक वाईट वर्ष कुठल्या ना कुठल्या कारणाने नेहमीचं नसतंच. ती सगळी वगळत गेलं तर हातात फक्त चांगल्या वर्षांची सरासरी उरते.

दुसरं, कागद. "पुस्तकात दिसते त्याहून काउंटरची विक्री जास्त आहे," असं कानात सांगितलं जातं. जे कागदावर नाही त्याचे पैसे देऊ नका. तपासायचंच असेल तर घाऊक व्यापाऱ्यांची खरेदी बिलं बघा. वर्षभरात विकत आणलेला माल आणि वर्षभरात विकला म्हणून सांगितलेला माल यांचा मेळ बसलाच पाहिजे. जो माल आलाच नाही तो विकला कसा जाईल?

तिसरं, साठा. मालक म्हणतात, दुकानात सोळा लाखांचा माल आहे. खरेदीच्या भावाने असेलही. पण खालच्या फडताळातून गठ्ठे काढा. अभ्यासक्रम बदलल्यावर पडून राहिलेली गाइडं, शाई वाळलेली पेनं, कडा पिवळ्या पडलेल्या वह्या, गेल्या वर्षीच्या डायऱ्या. असा पाच लाखांचा माल निघाला तर चालणारा माल अकरा लाखांचा राहिला. आणि उद्या दुकान बंद करून तो घाईने विकावा लागला तर साठ टक्केही हातात पडले तरी पुष्कळ. सहा लाख साठ हजार. डिपॉझिटचे दोन लाख आणि रॅकचे थोडेफार धरले तर नऊ लाख होतात.

ही नऊ लाखांची रक्कम लिहून ठेवण्यासारखी आहे. धंदा चालता असेल तर दुकान पंचवीस लाखांचं, मोडला तर नऊ लाखांचं. सोळा लाख देणाऱ्याचं अगदी वाईट घडलं तर सात लाख जातील. तीस देणाऱ्याचे एकवीस जातील. खालचा तळ किती खोल आहे हे वरच्या आकड्याइतकंच आधी ठाऊक हवं.

चौथी गोष्ट भाडेकरार, आणि ती मी शेवटी सांगतोय ती कमी महत्त्वाची म्हणून नव्हे. करार अकरा महिन्यांत संपत असेल आणि घरमालकाला ती जागा स्वतःच्या मुलाला द्यायची असेल, तर वरचा सगळा हिशेब रद्द. शाळेजवळची ती जागा हेच या दुकानाचं भांडवल आहे. म्हणून किंमत कमी दिसली की पहिला प्रश्न हा विचारायचा: कमी का? मालकांना मुलाकडे जायचं आहे, भावाभावांत वाटण्या होताहेत, अशी कारणं मालकांच्या बाजूची असतात. त्यांचा दुकानाच्या कमाईशी संबंध नसतो. अशा कारणाने स्वस्त मिळणारं दुकान खरोखर स्वस्त असतं. शाळा गावाबाहेर नव्या इमारतीत जाणार आहे हे मालकांना कळलंय आणि तुम्हाला कळलेलं नाही, या कारणाने ते स्वस्त असेल, तर ते स्वस्त नाहीच.

पाचवी बाब लहानशी वाटते पण पुष्कळांना गाठते. घाऊक व्यापाऱ्यांचं आठ लाखांचं देणं दुकानाच्या नावावर आहे आणि ते तुम्हीच फेडायचं असं ठरलं असेल, तर तुम्ही सोळा लाखांना दुकान घेतलेलंच नाही, चोवीस लाखांना घेतलं. अंतर संपलं.

इथपर्यंतचं सगळं जमलं, दुकान खरंच किमतीपेक्षा बरंच खाली मिळालं, तरीही फसता येतं. याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण दुकानाचंच आहे, आणि ते घेणारा माणूस होता ग्रॅहमचा विद्यार्थी वॉरन बफे.

अमेरिकेत बाल्टिमोर शहरात होक्शिल्ड कोन नावाचं मोठं डिपार्टमेंट स्टोअर होतं. १९६६ साली बफे आणि त्याच्या साथीदारांनी ते साधारण एक कोटी वीस लाख डॉलरना घेतलं. कागदावर सौदा उत्तम होता. हिशेबाच्या वह्यांमध्ये दाखवलेल्या मालमत्तेपेक्षा किंमत बरीच कमी होती. शिवाय काही जागांची खरी किंमत वह्यांत आलेलीच नव्हती आणि मालाचा साठा जुन्या, कमी भावाने नोंदलेला होता. म्हणजे आपल्या स्टेशनरीच्या दुकानात माल जास्त दाखवला होता, तर इथे उलट कमी दाखवलेला होता. दुकान चालवणारी माणसंही चांगली होती. ग्रॅहमच्या मोजपट्टीने बघितलं तर अंतरावर अंतर होतं.

तीन वर्षांनी, १९६९ मध्ये, त्यांनी ते जवळपास घेतलेल्या किमतीलाच विकून टाकलं, आणि तेवढे परत मिळाले हे आपलं नशीब, असं बफेने पुढे १९८९ साली भागधारकांना लिहिलेल्या पत्रात स्पष्टपणे मांडलं. झालं काय होतं? शहरात अशी चार मोठी दुकानं एकमेकांशी झुंजत होती. एकाने नवी सोय केली की बाकीच्यांना ती करावीच लागायची. पैसा आत जायचा, पण गिऱ्हाईक होतं तेवढंच राहायचं, कारण तीच सोय समोरच्या दुकानातही आलेली असायची. पैसे खर्च केले नाहीत तर मागे पडायचं, आणि केले तर होतो तिथेच उभं राहायचं. स्वस्तात घेतलेल्या मालमत्तेची किंमत दरवर्षी थोडी थोडी विरघळत होती. ऐंशीच्या दशकात होक्शिल्ड कोन कायमचं बंद झालं.

हे आपल्या आकड्यांत बसवून बघू. पंचवीस लाखांचं दुकान तुम्ही सोळा लाखांना घेतलं, पण त्याची किंमत दरवर्षी आठ टक्क्यांनी घसरते आहे. तीन वर्षांनी ते साडेएकोणीस लाखांचं उरतं आणि पाच वर्षांनी साडेसोळा लाखांचं. दरम्यान कमाई घरी आणता आली तर ठीक. पण ती सगळी नव्या रॅकमध्ये, एसीमध्ये आणि समोरच्या दुकानाशी बरोबरी करण्यात गेली असेल, तर नऊ लाखांचं अंतर पाच वर्षांत संपलेलं असतं आणि तुमच्या हाताला काहीच लागलेलं नसतं. घेतलेल्या दिवशी अंतर किती होतं हे जितकं महत्त्वाचं, तितकंच पुढे ते कुठल्या बाजूला सरकतंय हेही. जिथे किंमत स्वतः घसरत असते, तिथे लवकर विकता यायला हवं, नाहीतर घेऊच नये. आणि मोबाइल हँडसेटच्या दुकानासारखा धंदा, जिथे विक्रीवर फार थोडं सुटतं आणि महिन्या-दोन महिन्यांत माल जुना होतो, तिथे माझा पाच वर्षांचा अंदाजच बसत नाही. अंदाज नसेल तर अंतर कशापासून मोजणार?

शेअर घेताना यातलं जवळपास सगळं लागू पडतं. त्या दुकानाचे दहा हजार सारखे तुकडे केले असे समजा. प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला वर्षाला पस्तीस रुपये कमाई येते, तुमच्या हिशेबाने तुकड्याची किंमत अडीचशे रुपये आणि तुम्ही तो एकशे साठला घेऊ पाहता. फरक एवढाच की या तुकड्याचा भाव रोज सकाळी कुणीतरी फळ्यावर लिहितं, आणि तो बघून बघून माणूस दुकान विसरतो. पाचशेवरून तीनशेवर आलेला तुकडा स्वस्त वाटतो. तो अडीचशेचा असेल तर तीनशेलाही महागच. 'वर्षभराचा नीचांक' हा आकडा फक्त भावाच्या इतिहासाबद्दल सांगतो, दुकानाबद्दल त्यात काहीच नसतं.

दोन फरक मात्र खरे आहेत आणि ते हिशेबात धरावे लागतात. दुकान तुमचं असेल तर तुम्ही पडीक माल काढू शकता, कामावरचा मुलगा बदलू शकता, अगदी वेळ आली तर कुलूप लावून नऊ लाख वसूल करू शकता. शेअर घेणाऱ्याच्या हातात यातलं काहीच नसतं. कंपनीच्या गोदामात आणि जमिनीत कितीही पैसा अडकलेला असो, चालकांनी तो बाहेर काढायचं ठरवेपर्यंत तो तुमच्यापर्यंत येत नाही. म्हणून मोडीच्या किमतीवर विसंबून शेअर घ्यायचा तर अंतर दुकानापेक्षाही मोठं लागतं. ग्रॅहमने यासाठी कडक नियम ठेवला होता: रोकड, साठा आणि येणी यांतून सगळी देणी वजा करायची, इमारत आणि यंत्रं शून्य धरायची, आणि जे उरेल त्याच्या दोन तृतीयांशाहून कमी भावात शेअर मिळाला तरच घ्यायचा. दुसरा फरक तुमच्या बाजूचा आहे. दुकान एकच घेता येतं, शेअर वीस कंपन्यांचे घेता येतात. अंतर राखूनही एखादा सौदा बुडू शकतो, हे ग्रॅहम मानत होता; पण प्रत्येकात अंतर असेल आणि असे वीस सौदे असतील, तर काहींतलं नुकसान बाकीच्यांच्या नफ्यात भरून निघतं. विमा कंपनीचं गणित असंच चालतं. हे वीस कंपन्यांच्या नुसत्या संख्येने होत नाही. वीस महाग दुकानं घेतली तर वीस ठिकाणी नुकसान होतं.

एक चूक काळजी घेणारी माणसं करतात, ती सांगतो. कमाई मुद्दाम कमी धरायची, परतावा मुद्दाम जास्त मागायचा आणि वर आणखी निम्मी किंमत कापायची. भीती तीन वेळा मोजली गेली. अशाने एकही सौदा होत नाही आणि माणूस कंटाळून एक दिवस भाव न बघताच काहीतरी घेऊन टाकतो. मी कमाई साडेतीन लाख धरली ती घाबरून नव्हे, मला ती खरी वाटली म्हणून. अंदाज प्रामाणिक ठेवायचा आणि काळजी एकदाच, किमतीत घ्यायची. स्थिर, कंटाळवाणा, तीस वर्षं तशाच चाललेला धंदा असेल तर पाव भाग अंतर मला पुरतं. चढउतार असतील तर एक तृतीयांश ते निम्मं.

आणि पैसे स्वतःचे हवेत. सोळांपैकी बारा लाख कर्जाने आणले असतील तर किंमत कितीही बरोबर असू द्या, शाळा सहा महिने बंद राहिल्या तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. २०२० च्या मार्चमध्ये निफ्टी जानेवारीतल्या शिखरापासून सुमारे चाळीस टक्के खाली आला होता. पुष्कळ चांगली दुकानं त्या आठवड्यांत निम्म्या भावाने फळ्यावर होती, पण कर्ज काढून आधीच घेऊन बसलेल्यांना तीच दुकानं त्याच भावाने विकावी लागली.

राहिला मालकांचा प्रश्न. ते तिसाला अडून आहेत, तुम्ही सोळा म्हणालात, आणि त्यांना राग आला असेल. असा राग येतो, त्यात गैर काही नाही. त्यांनी तीस वर्षं घातली आहेत. मी अशा वेळी किंमत सोडून अटींवर बोलतो. पडीक माल तुम्हीच ठेवा, चालणारा माल दोघांनी मिळून मोजू, तेवढ्याचेच पैसे देतो. निम्मी रक्कम आज घ्या, उरलेली दोन वर्षांत, आणि विक्री तुम्ही सांगितली तेवढी टिकली तर ठरल्यापेक्षा दोन लाख जास्त घ्या. भाडेकरार पाच वर्षांचा, नोंदणी करून, तुमच्या ओळखीने करून द्या. एकोणीस लाखांना घेतलेल्या दुकानात या अटींमुळे सोळा लाखांना घेतल्याइतकं अंतर येऊ शकतं.

शेअर बाजारात अटी घालायला समोर कुणी नसतं. तिथे भाव आपल्या आकड्यापर्यंत येतो किंवा येत नाही. कागदावर एकशे साठ लिहून ठेवायचं, त्याखाली तारीख घालायची, आणि दर वर्षी हिशेब आले की दुकान अजून अडीचशेचंच आहे ना, एवढं पुन्हा मोजायचं.